बी. ट्रॅव्हनची जन्मनोंद : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

लेखकसूचीच्या कामात आज ‘ट्रॅव्हन, बी.’ हे नाव हातात आलं. नोंदीसाठी चार गोष्टी भरायच्या आहेत : मूळ नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि मृत्यू. मृत्यूचा रकाना लगेच भरला. उरलेल्या तिन्हींवर एकमेकांना छेद देणारी माहिती आहे.

थोडी पार्श्वभूमी लिहून ठेवतो. १९२५ साली बर्लिनच्या ‘फॉरवेर्ट्स’ या दैनिकात मेक्सिकोहून पाठवलेलं लेखन या नावानं छापलं जाऊ लागलं. १९२६ पासून ब्युशरगिल्ड गुटेनबर्ग या प्रकाशनसंस्थेनं त्याच्या कादंबऱ्या काढल्या. त्यातल्या १९२७ च्या एका कादंबरीवर जॉन ह्यूस्टननं १९४८ साली चित्रपट केला आणि नाव जगभर गेलं. लेखक मात्र कोणाला भेटत नव्हता, फोटो देत नव्हता. लेखकाचं चरित्र म्हणजे त्याचं लेखन, एवढीच त्याची भूमिका.

जन्माची तीन उत्तरं समोर आहेत. शिकागो, १८९०. सॅन फ्रान्सिस्को, १८८२. आणि श्वीबुस, १८८२. हे गाव तेव्हा प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव श्वेबोजिन असं झालं आहे.

जन्मापासून सुरुवात करणार नाही. टोपणनावाच्या प्रकरणात जन्म हे सगळ्यात दूरचं आणि सगळ्यात अंधारातलं टोक असतं. मृत्यूकडून मागे यायचं. एकेका नावाचा माणूस त्याच्या आधीच्या नावाच्या माणसाशी जोडता येतो का, ते पाहायचं. प्रत्येक सांध्याचा पुरावा वेगळा, खात्रीही वेगळी. एक सांधा पक्का निघाला म्हणून दुसरा आपोआप पक्का होत नाही, हे या कामात सतत डोळ्यांसमोर ठेवावं लागेल.

९ जानेवारी

मृत्यू : मेक्सिको सिटी, २६ मार्च १९६९. मरणाऱ्याचं कागदोपत्री नाव ट्रॅव्हन टोर्सव्हान क्रोव्ह्ज. मृत्युपत्रात त्यानं स्वतःबद्दल लिहून ठेवलं आहे की जन्म ३ मे १८९० रोजी शिकागोला झाला, वडील बर्टन टोर्सव्हान, आई डोरोथी क्रोव्ह्ज, आणि बी. ट्रॅव्हन व हॅल क्रोव्ह्ज ही आपली लेखनासाठीची नावं.

मृत्युपत्र हा कायदेशीर दस्तऐवज आहे, म्हणून त्यातली जन्मतारीखही कायदेशीर ठरते असं समजणारे पुष्कळ भेटतात. जुन्या संदर्भग्रंथांत १८९० आणि शिकागो शिरलं ते याच वाटेनं. पण मृत्युपत्र ज्यासाठी केलं जातं त्याच बाबतीत ते पुरावा असतं : संपत्ती कोणाची आणि ती कोणाला जाणार. जन्माचा तपशील तिथे फक्त सांगणाऱ्याच्या तोंडून आलेला असतो. लिहून घेणाऱ्यानं तो कुठे पडताळलेला नसतो.

म्हणून प्रत्येक विधानापुढे चार गोष्टी लिहायच्या ठरवल्या : कोणी सांगितलं, कोणाला, कशासाठी, आणि दुसऱ्या कोणाला ते तपासता येईल का. मृत्युपत्रातल्या जन्मतारखेपुढे लिहिलं : स्वतः सांगितलं, वकिलांना, आयुष्यभर वापरलेली ओळख टिकवण्यासाठी. तपासणं अवघड, कारण १८९० च्या सुमारास शिकागोत जन्मनोंदणीचा कायदा असला तरी असंख्य जन्म नोंदवलेच जात नसत. नोंद सापडली नाही तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

टोपणनावाबद्दलचं विधान मात्र याच मृत्युपत्रात वेगळ्या वजनाचं आहे. पुस्तकांचे हक्क ही संपत्ती, आणि ती पत्नीकडे जायची तर आपणच ट्रॅव्हन हे मान्य करणं भाग होतं. ज्या गोष्टीवर त्यानं अनेक दशकं पडदा ठेवला ती त्याला इथे उघड करावी लागली. एकाच कागदातली दोन वाक्यं, पण एक सोयीचं आणि एक सोय सोडून केलेलं.

१५ जानेवारी

पहिला सांधा : टोर्सव्हान म्हणजेच ट्रॅव्हन.

चित्रपटाच्या वेळी ह्यूस्टनला हॅल क्रोव्ह्ज नावाचा माणूस भेटला. मी लेखकाचा प्रतिनिधी आहे, एवढंच त्यानं सांगितलं. चित्रीकरणाच्या ठिकाणी तो सल्लागार म्हणून हजर होता. हाच ट्रॅव्हन असणार अशी कुजबुज तेव्हाच सुरू झाली होती.

१९४८ साली मेक्सिकन पत्रकार लुईस स्पोटा यानं आकापुल्कोजवळ राहणाऱ्या टोर्सव्हानला गाठलं आणि तोच ट्रॅव्हन असल्याचं छापलं. टोर्सव्हाननं इन्कार केला. स्पोटाच्या वागण्याबद्दल काही म्हणावं, पण त्यानं धरलेला धागा योग्य होता : मानधन. टोपणनावानं पुस्तक लिहिता येतं, मुलाखत नाकारता येते, पण पैसे कुठल्या तरी खऱ्या पत्त्यावर, खऱ्या माणसाच्या हातात पोहोचावेच लागतात. टोपणनावाचा शोध घेताना प्रकाशकाची हिशेबवही, करारपत्रं आणि हक्कांच्या नोंदी आधी पाहाव्यात त्या यासाठीच. शैली, विषय, साहित्यिक साम्यं हे सगळं त्यानंतर.

स्पोटाचा शोध, मृत्युपत्र आणि पत्नी रोझा एलेना लुहान यांचं सांगणं, हे तीन धागे वेगवेगळ्या हेतूंनी आलेले आणि एकाच जागी मिळणारे. हा सांधा पक्का धरतो.

१८ जानेवारी

बाकीच्या तर्कांसाठी एकच नोंद पुरे. कैसर दुसरा विल्हेल्म याचा अनौरस मुलगा, जॅक लंडन, अँब्रोस बिअर्स, आणि एका वेळी अनेक लेखकांचा गट, असं पुष्कळ काही सुचवलं गेलं आहे. कैसरची गोष्ट १९६० च्या दशकात ‘स्टर्न’ साप्ताहिकाच्या गेर्ड हाइडेमान या वार्ताहरानं पुढे आणली. या तर्कांमध्ये एक समान गोष्ट आहे. ज्या कागदानं ते खोटे ठरू शकले असते असा कागद त्यातल्या कोणीच पुढे केला नाही. जॅक लंडन १९१६ साली वारला, तेवढा मात्र तारखेवरच बाद होतो.

एक तर्क वेगळा ठेवायला हवा, तो म्हणजे दोन माणसांचा. त्यानुसार मेक्सिकोतले कष्टकरी अनुभव एका अमेरिकन भटक्याचे आणि लेखणी दुसऱ्या जर्मन माणसाची. लेखन इतकं अनुभवातून आल्यासारखं वाटतं की हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. पण आमच्या नोंदीत ‘अनुभव कोणाचे’ हा रकाना नाही. ज्याच्या हातानं लिहिलं गेलं आणि ज्यानं हक्क ठेवले, त्याचा जन्म मला हवा आहे.

२४ जानेवारी

दुसरा सांधा : ट्रॅव्हन म्हणजेच रेट मारुट. इथे आजचा सगळा दिवस गेला.

रेट मारुट हा १९०७ च्या सुमारास जर्मन रंगभूमीवर दिसू लागलेला दुय्यम नट. १९१७ साली त्यानं म्युनिकहून ‘डेअर त्सीगेलब्रेनर’ हे युद्धविरोधी, अराज्यवादी नियतकालिक सुरू केलं, ते १९२१ पर्यंत निघत राहिलं. १९१९ च्या बव्हेरियन सोव्हिएत प्रजासत्ताकात तो वृत्तपत्रांवर देखरेख करणाऱ्यांपैकी एक होता. ते राज्य चिरडलं गेलं तेव्हा १ मे १९१९ रोजी त्याला पकडलं. तो निसटला आणि तेव्हापासून फरारी. नाव लपवण्याचं कारण हवं असेल तर ते इथे आहे. त्याच्या बरोबरच्या कित्येकांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या.

सगळ्यात आधी वास लागला तो कवी एरिक म्यूझाम याला. तो त्याच म्युनिकच्या चळवळीतला. ट्रॅव्हनची पुस्तकं वाचून १९२० च्या दशकातच त्याला मारुटची आठवण झाली. पण ती ओळख कानाची होती, कागदाची नव्हती. पुढे लाइपझिगचा अभ्यासक रोल्फ रेक्नागल यानं नियतकालिकातला मजकूर आणि कादंबऱ्या शेजारी ठेवून शब्दप्रयोग, आवडते विषय, वाक्याची ठेवण ताडून पाहिली आणि १९६६ च्या चरित्रात दोघे एकच असल्याचं मांडलं.

शैलीच्या साम्यावर मी किती विसंबतो? एकट्या शैलीवर मुळीच नाही. एकाच चळवळीत वाढलेली माणसं एकाच भाषेत रागावतात. तेच शत्रू, त्याच घोषणा, तीच उपमा. रेक्नागलच्या कामाला बळ मिळतं ते त्यानंतर घडलेल्या गोष्टीनं. लेखक वारल्यावर पत्नीनं जाहीर केलं की आपले पती जर्मनीत रेट मारुट होते. अभ्यासकाचं पुस्तक आधी आलं होतं, त्यामुळे पत्नीनं ते वाचून सांगितलं असेल ही शंका कोणीही घ्यावी. ती मीही घेतली. पण तिच्याकडे कागद होते. १९२४ च्या उन्हाळ्यात मेक्सिकोत पोहोचल्यानंतरच्या त्याच्या टिपणवहीत म्युनिकचा बव्हेरियन आता मेला, अशा अर्थाचं वाक्य इंग्रजीत आहे.

शिवाय काळ जुळतो. मारुटचा शेवटचा माग १९२४ सालच्या लंडनमधला, आणि ट्रॅव्हन त्याच वर्षी मेक्सिकोत. दोघे एकाच वेळी दोन ठिकाणी असल्याचा एकही पुरावा नाही. हे मी मुद्दाम तपासतो, कारण दोन नावांचा एकच माणूस असेल तर त्यांच्या आयुष्यांच्या तारखा एकमेकींवर चढता कामा नयेत. एक जरी पक्की तारीख चढली तरी सांधा तिथेच तुटतो.

हा सांधाही पक्का. आता प्रश्न बदलला आहे. ट्रॅव्हन कोण, याऐवजी मारुट कोण, असं विचारायचं.

२ फेब्रुवारी

मारुटनं जर्मनीत पोलिसांकडे नोंदवलेली माहिती : जन्म २५ फेब्रुवारी १८८२, सॅन फ्रान्सिस्को.

जर्मनीत गाव बदललं की नव्या ठिकाणी पोलिसांकडे नाव, जन्म, धर्म, नागरिकत्व नोंदवावं लागे. टोपणनावानं जगणाऱ्याच्या मागावर असणाऱ्याला या नोंदवह्या म्हणजे मोठा ठेवा. पण त्यात लिहिलेलं असतं ते माणसानं सांगितलेलं. मारुटनं एकदा आपण इंग्रज असल्याचं नोंदवलं, पुढे ते बदलून अमेरिकन करून घेतलं. नागरिकत्व बदलू शकतं, जन्माचा देश बदलत नाही. इतकं हलकं विधान दुसरं नसेल.

आणि सॅन फ्रान्सिस्कोच का? १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत शहराच्या जन्मनोंदी जवळजवळ सगळ्या जळाल्या. त्यानंतर तिथे जन्मल्याचा दावा करणाऱ्याला कोणी खोटं ठरवू शकत नव्हतं. अमेरिकेत आलेल्या कित्येक चिनी स्थलांतरितांनी याच आगीचा आधार घेऊन आपण इथेच जन्मलो असं सांगितलं आणि नागरिकत्व मिळवलं. मारुटला ही फट ठाऊक होती असं मी लिहून ठेवू शकत नाही, तसा कागद नाही. पण नोंदी जळालेलं शहर निवडणं आणि पुढे मेक्सिकोत असताना शिकागो हे नोंदी विरळ असलेलं शहर निवडणं यात मला एकच हात दिसतो. स्वतःहून सांगितलेले दोन्ही जन्म अशा जागी आहेत की तिथे जाऊन कोणाला काही पाहता येऊ नये.

याच्या उलटं एखादं विधान सापडलं, म्हणजे तपासता येईल असं, तर ते फार मोलाचं.

७ फेब्रुवारी

ते सापडलं आहे, आणि ते शोधून काढण्याचं श्रेय बीबीसीच्या विल वायट आणि रॉबर्ट रॉबिन्सन यांचं. १९७० च्या दशकात त्यांनी अमेरिकेच्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली तिथल्या परराष्ट्र खात्याकडून आणि गुप्तचर संस्थांकडून मारुटची कागदपत्रं मागवली. जर्मन लेखक, मेक्सिकोत मृत्यू, आणि कागद वॉशिंग्टनला. वरवर पाहता विचित्र वाटतं, पण मारुटनं अमेरिकन नागरिक म्हणून पासपोर्ट मिळवण्याचा प्रयत्न केला होता, म्हणजे त्याच्या अर्जाची फाइल तिथेच असणार. ज्या दारावर माणसानं काही मागितलं त्या दारामागे त्याचा कागद राहतो. अर्ज नामंजूर झाला असेल तर जास्तच, कारण नामंजुरीची कारणं लिहावी लागतात.

मारुट १९२३ साली लंडनला पोहोचला. परदेशी माणूस म्हणून नोंदणी न केल्याबद्दल त्याला ३० नोव्हेंबर १९२३ ला पकडून ब्रिक्स्टन तुरुंगात ठेवलं, १५ फेब्रुवारी १९२४ ला सोडलं. तिथे चौकशीत त्यानं सांगितलं की आपलं खरं नाव हेर्मान ओटो आल्बेर्ट माक्सिमिलियान फायगे, जन्म श्वीबुस, २३ फेब्रुवारी १८८२. आईवडिलांची नावंही दिली.

माझ्या तक्त्यात या विधानापुढे लिहिलं : स्वतः सांगितलं, पोलिसांना, हद्दपारीची टांगती तलवार असताना, आणि तपासता येईल असं. गाव खरं, तारीख नेमकी, पालकांची नावं दिलेली. एका पत्रानं पडताळता आलं असतं. आधीच्या दोन्ही जन्मांना ही सोय नव्हती.

११ फेब्रुवारी

आज फक्त जन्मनोंदवहीबद्दल.

प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ पासून आणि सबंध जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून जन्म, विवाह, मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली. त्याआधी चर्चची बाप्तिस्म्याची वही हाच आधार होता. १८८२ चा जन्म म्हणजे सरकारी वहीत असायलाच हवा. गाव पुढे पोलंडमध्ये गेलं तरी वह्या बहुतेक वेळा गावाच्याच कचेरीत राहिल्या. आजच्या पोलिश नियमानुसार जन्माच्या वह्या शंभर वर्षं नोंदणी कचेरीत ठेवतात, मग सरकारी अभिलेखागारात जातात. म्हणजे आज कोणी पाहायला गेला तर १८८२ ची वही अभिलेखागारात शोधावी. वायट गेले तेव्हा शंभरी भरायला काही वर्षं बाकी होती.

नोंद सापडली. तारीख २३ फेब्रुवारी १८८२. आई होर्मिना वीनेके, वडील आडोल्फ फायगे. ब्रिक्स्टनमध्ये सांगितलेल्याशी तारीख, गाव आणि पालकांची नावं जुळतात.

पण एक अडचण आहे आणि ती नवख्याला हमखास अडवेल. पालकांचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे मूल आधी आईच्या आडनावानं नोंदलं गेलं. फायगे हे आडनाव पालकांच्या लग्नानंतरचं. नुसत्या ‘फायगे’ या आडनावानं अनुक्रमणिका चाळणारा रिकाम्या हातानं परत येईल आणि लिहील की अशा नावाचा जन्म श्वीबुसला झालाच नाही. त्या काळच्या वह्यांमध्ये अशा वेळी पुढे वडिलांनी स्वीकार केल्याची नोंद मूळ नोंदीच्या कडेला केली जाई. म्हणून आडनावावर भिस्त न ठेवता तारखेच्या मागच्यापुढच्या आठवड्यांतल्या सगळ्या नोंदी वाचायच्या, आईचं नाव पाहायचं आणि कडेचा मजकूर सोडायचा नाही.

मला या जुळण्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते आईचं माहेरचं नाव. वडिलांचं नाव मित्राला माहीत असतं, गाव तर कोणालाही माहीत असतं. आईचं माहेरचं आडनाव घरातल्या माणसाला किंवा फार जवळच्या माणसाला ठाऊक असतं.

इथे स्वतःलाच बजावून ठेवतो. या वहीनं एवढंच सिद्ध केलं की या नावाचं मूल त्या दिवशी त्या गावी जन्मलं. ब्रिक्स्टनमध्ये बसलेला माणूस तेच मूल होता, हे वही सांगत नाही. तिसरा सांधा अजून जुळायचा आहे.

१७ फेब्रुवारी

वायट यांना फायगेचे भाऊ-बहीण जर्मनीत भेटले. ओटो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, लष्करी सेवेनंतर, घरातून गेला होता. मारुटचे आणि ट्रॅव्हनचे फोटो पाहून बहिणीनं हा आपला भाऊ असं सांगितलं. ते सारं १९७८ च्या माहितीपटात आणि वायट यांच्या १९८० च्या पुस्तकात आलं.

ओळख पटणं मनाला भिडतं, पण तक्त्यात मी तिला कमी वजन दिलं. सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी पाहिलेला भाऊ, दाखवणारा उत्तर घेऊनच आलेला, आणि शेजारी दुसऱ्या कोणाचे फोटो मिसळलेले नाहीत. आधार म्हणून ठीक, पाया म्हणून नाही.

२७ फेब्रुवारी

कार्ल गुथके यांचा आक्षेप शांतपणे वाचला. १९८७ च्या त्यांच्या मोठ्या चरित्रात त्यांनी फायगे ही ओळख निर्णायक मानायला नकार दिला आहे. म्हणणं असं : मारुटची खऱ्या फायगेशी कधी तरी गाठ पडली असेल, त्याच्याकडून तपशील ऐकले असतील, आणि लंडनमध्ये अडचणीत असताना ते नाव वापरलं असेल. नावं बदलणं हाच ज्याचा स्वभाव, त्याच्या एका नावावर विश्वास का ठेवायचा?

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. उलट त्याला बळ देणारी गोष्टही आहे. मारुट या नावावर जर्मनीत राजद्रोहाचा आरोप होता, फायगे हे नाव तिथे स्वच्छ होतं. हद्दपार व्हायचंच असेल तर फायगे म्हणून होणं परवडण्यासारखं. म्हणजे हेतू दोन्हीकडे लागू पडतो : खरं सांगण्याकडेही आणि उसनं नाव घेण्याकडेही. फक्त हेतूवर हा प्रश्न सुटणार नाही.

मग तारखांकडे परत गेलो. मारुटनं जर्मनीत असताना, लंडनच्या कितीतरी आधी, आपला जन्म २५ फेब्रुवारी १८८२ असा नोंदवलेला आहे. श्वीबुसच्या वहीतली तारीख २३ फेब्रुवारी १८८२. वर्ष तेच, महिना तोच, फरक दोन दिवसांचा. उसन्या नावाचा तर्क धरायचा तर मानावं लागतं की मारुटनं फायगेची जन्मतारीख तुरुंगात जायच्या पुष्कळ आधी उसनी घेतली, तीही नाव न घेता, आणि ती सॅन फ्रान्सिस्कोला नेऊन ठेवली. किंवा मग दोन परक्या माणसांचे जन्म योगायोगानं दोन दिवसांच्या अंतरावर होते आणि नेमकं त्यातल्या एकानं दुसऱ्याचं नाव घेतलं. दोन्ही अशक्य नाहीत. पण खोटी जन्मतारीख सांगणारी माणसं ती बहुधा खऱ्या तारखेच्या आसपासच ठेवतात, कारण वय अंगाला शोभावं लागतं आणि तारीख अचानक विचारली तर चुकता कामा नये. सरळ उत्तर हेच वाटतं की मारुटनं स्वतःचीच तारीख किंचित सरकवली होती.

संपादकांना हे फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, “पटतंय मला. पण हा तर्कच झाला ना? फायगेच्या बाजूनं काही कागद आहे का, ते बघा.”

बरोबर आहे त्यांचं. आत्तापर्यंत सगळा माग मारुटकडून फायगेकडे गेला. फायगेकडून मारुटकडे कोणी आलं आहे का, ते पाहायला हवं.

५ मार्च

आलं आहे. यान-क्रिस्तोफ हाउशिल्ड यांनी जर्मन अभिलेखागारांमध्ये फायगेचंच आयुष्य शोधलं आणि ‘अज्ञात वर्षां’वरचं त्यांचं पुस्तक २०१२ मध्ये आलं. त्यातला फायगे हा नुसता हरवलेला तरुण नाही. तो माग्देबुर्गला यांत्रिक कामगार होता, आणि १९०६ मध्ये गेल्सेनकिर्शेनला जर्मन धातुकामगार संघटनेचा पदाधिकारी झाला. सप्टेंबर १९०७ मध्ये त्यानं गेल्सेनकिर्शेन सोडलं. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोला जन्मलेला म्हणवणारा नट रेट मारुट रंगभूमीवर उगवतो. त्याच्याआधी मारुटचा कुठेही कागद नाही.

गुथके यांच्या आक्षेपाला उत्तर मिळतं ते इथे. नाव उसनं दिलेला खरा फायगे वेगळा असता तर तो १९०७ नंतरही जगत राहिला असता. कामगार संघटनेचा पदाधिकारी सहज नाहीसा होत नाही. संघटनेच्या अहवालांत, पोलिसांच्या वह्यांत, विवाहाच्या नोंदीत, पहिल्या महायुद्धाच्या भरतीत किंवा मृतांच्या यादीत कुठे तरी दिसला असता. फायगेचा माग जिथे थांबतो तिथेच मारुटचा सुरू होतो, आणि दोघांच्या तारखा एकमेकींवर चढत नाहीत. दुसऱ्या सांध्याला लावलेली कसोटी इथेही लावली आणि ती टिकली.

शिवाय या फायगेला मजुरांची भाषा, सभेत बोलणं, पत्रकं काढणं हे सगळं येत होतं. म्युनिकच्या संपादकाचा आणि मेक्सिकोच्या कादंबरीकाराचा पूर्वज म्हणून तो शोभतो. पण हे शोभणं मी पुराव्यात धरत नाही, आपल्या आवडीचं चित्र पुरं होतं तेव्हा माणूस कागदाकडे पाहायचं थांबवतो.

९ मार्च

नोंद भरली. प्रमुख नाव ‘ट्रॅव्हन, बी.’ हेच ठेवलं. वाचक याच नावानं शोधणार आहे आणि लेखकानंही याच नावावर पुस्तकं सोडली आहेत. मूळ नाव शोधून काढलं म्हणून पुस्तकं ‘फायगे’खाली हलवायची, हे मला पटत नाही. बाकीची नावं पर्यायी म्हणून जोडली : फायगे, वीनेके, मारुट, टोर्सव्हान, क्रोव्ह्ज. वीनेके मुद्दाम घातलं, कारण वहीपर्यंत जाणाऱ्याला तेच उपयोगी पडेल.

जन्मतारखेसाठी आमच्या पद्धतीत अनिश्चितता दाखवायची सोय आहे. तारखेच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावलं की ‘ही तारीख शंभर टक्के पक्की नाही’ असा अर्थ होतो :

```
1882-02-23?
```

संपादकांनी विचारलं, “वहीत तारीख स्वच्छ आहे, मग प्रश्नचिन्ह कशाला?” मी म्हटलं, “ताई, तारखेबद्दल मला शंका नाही. ती तारीख या लेखकाची आहे याबद्दल एक बोटभर जागा शिल्लक आहे.” थोडा वेळ वाद झाला. शेवटी चिन्ह ठेवलं आणि खाली टीप लिहिली, तिन्ही सांध्यांची खात्री वेगळी सांगणारी : ट्रॅव्हन आणि टोर्सव्हान एकच, निश्चित. ट्रॅव्हन आणि मारुट एकच, निश्चित. मारुट आणि फायगे एकच, बहुतांशी निश्चित, विरुद्ध मत गुथके.

१८९० शिकागो आणि २५ फेब्रुवारी १८८२ सॅन फ्रान्सिस्को या दोन्ही तारखाही पुसल्या नाहीत. ‘लेखकानं स्वतः सांगितलेली’ अशा शेऱ्यासह त्या टिपेत आहेत. जुना संदर्भग्रंथ उघडून बसलेल्या वाचकाला दिसलं पाहिजे की ती तारीख आम्हाला ठाऊक होती आणि ती का घेतली नाही.

टिपेच्या शेवटी लिहिलं की ही नोंद कशानं बदलेल : सप्टेंबर १९०७ नंतर ओटो फायगे या नावाच्या, त्याच जन्मतारखेच्या माणसाचा जर्मनीतला कोणताही कागद, किंवा त्याआधीचा रेट मारुटचा. दोन्हींपैकी एक मिळाला तर तिसरा सांधा पुन्हा उघडायचा. फाइल संपादकांकडे पाठवली.